दादासाठी धाकट्या बहिणीचा टोस्ट

लग्नाच्या स्वागतसमारंभात वधूवरांविषयी चार शब्द बोलून, त्यांच्या नावाने सर्वांना पेला उंचवायला लावणे म्हणजे टोस्ट. इंग्लंडच्या प्रथेत वधूचे वडील, स्वतः वर आणि वराचा जिवलग मित्र, ज्याला तिथे बेस्ट मॅन म्हणतात, असे तिघे बोलतात. अमेरिकेत वधूच्या मैत्रिणीलाही हा मान असतो. गोव्यातल्या कॅथलिक लग्नांत तो सहसा घराण्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडे जातो. वराची धाकटी बहीण या जुन्या यादीत कुठेच नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या रिसेप्शनमध्ये मात्र माईक हातात घेऊन ती उभी राहू लागली आहे, आणि तिथे ती शोभतेही.

याचे कारण असे की मराठी लग्नात वराच्या बहिणीला चेष्टेचा हक्क पूर्वीपासून आहे. करवली म्हणून ती मिरवते, आणि नवी जोडी घरी आली की दार अडवून उभी राहते. ‘तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील ना?’ असे भावाकडून कबूल करून घेते, दोघांना नाव घ्यायला लावते आणि मगच वाट सोडते. ही थट्टा उंबऱ्यात, घरच्या माणसांपुढे होते. टोस्ट असतो भरलेल्या हॉलपुढे, आणि हॉलमधली निम्मी माणसे वधूकडची असतात. त्यांनी दादाला धड पाहिलेलेही नसते. घरात हमखास हशा मिळवणारा विनोद तिथे साफ पडतो तो यामुळेच.

टोस्टला तीन ते चार मिनिटे पुरतात. सावकाश बोलले तर तेवढ्या वेळात साडेतीनशे ते चारशे शब्द होतात, म्हणजे हाताने लिहिलेली जेमतेम दोन पाने. पहिल्या खर्ड्यात बहुतेक जणी या दोन पानांत सगळा दादा कोंबू पाहतात. सायकल शिकवली, गणित शिकवले, रिमोटवरून भांडलो, बाबांपासून वाचवले, अशी यादी होते आणि अधूनमधून ‘प्रेमळ’, ‘समजूतदार’ ही विशेषणे येतात. असे वर्णन कोणाच्याही भावाला लागू पडते, म्हणून ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. एकच प्रसंग घ्यावा आणि त्याला निम्मा वेळ द्यावा.

प्रसंग निवडताना ती धाकटी आहे याचा उपयोग होतो. मित्राला दादा माहीत असतो तो कॉलेजपासूनचा, आईबाबांना पाळण्यातला. धाकट्या बहिणीने मात्र त्याला कधी लहान पाहिलेलेच नसते. तिला समजू लागले तेव्हापासून तो मोठाच होता, सर्वज्ञ होता आणि सर्रास थापा मारत होता. त्या थापांवर तिने मनापासून विश्वास ठेवला होता. तिच्या टोस्टमधला विनोद इथून येतो.

एक कल्पित उदाहरण पाहू. दादा पाच वर्षांनी मोठा. ‘तू आमची नाहीसच, बाबांच्या दोन जुन्या पँट देऊन तुला बोहारणीकडून घेतलंय,’ असे त्याने बहिणीला सांगितलेले. असंख्य मराठी घरांत ही थाप चालत आली आहे. पण एवढेच सांगून थांबले तर तो नुसता किस्सा होतो आणि दादा खोडकर होता याच्यापलीकडे काही कळत नाही. त्यातले पुढचे शोधावे लागते. एके दिवशी बोहारीण खरोखरच दारात आली. आता आपल्याला परत नेणार, या भीतीने बहीण कपाटामागे जाऊन रडत बसली. तिला पाहून दादा दाराशी गेला आणि छाती काढून म्हणाला, ‘आम्ही तिला परत देणार नाही. पाहिजे तर तुमचं पातेलं घेऊन जा.’ थाप त्याने शेवटपर्यंत कबूल केली नाही, पण बहिणीलाही सोडले नाही. हसू आणि माया एकाच वाक्यात आली. आता वेगळे कौतुक करायची गरज उरली नाही.

हा प्रसंग परदेशातल्या मिश्र पाहुण्यांपुढे सांगायचा तर बोहारीण कोण, हे आधी एका वाक्यात सांगून ठेवावे: जुने कपडे घेऊन त्याबदल्यात भांडी देणारी बाई. विनोद झाल्यावर खुलासा केला तर तो वाया जातो. भाषण इंग्रजीत असले तरी दादाचे वाक्य आधी मराठीत म्हणावे, कारण आजी-आजोबांचे हसू ऐकले की बाकीचे भाषांतराची वाट पाहू लागतात.

प्रसंगानंतर बोलणे वहिनीकडे वळायला हवे. पुष्कळ भाषणे इथे घसरतात. ‘आता तरी वहिनी त्याला सुधारेल’ हे वाक्य नव्या सुनेवर पहिल्याच दिवशी काम सोपवते. ‘आमचा दादा आता तुमचा झाला’ म्हटले की आईचे डोळे भरतात आणि हॉल गप्प होतो. वरच्या उदाहरणात वळण प्रसंगातूनच मिळते: ‘वहिनी, आपल्या माणसाला द्यायचं नाही असं दादानं एकदा ठरवलं, की तो दारात उभा राहतो. फक्त तो सांगेल ते सगळं खरं मानू नकोस.’ यात वहिनीला धीर मिळतो, थोडी चेष्टाही होते, आणि ती चेष्टा दादाच्या वाट्याला जाते. टोस्टमधल्या थट्टेचा रोख वहिनीवर, तिच्या माहेरावर किंवा स्वयंपाकावर कधीच असू नये.

काही गोष्टी सरळ वगळाव्यात: दादाची जुनी प्रेमप्रकरणे, पगार, नापास झालेले वर्ष, आधी मोडलेले स्थळ. शंका असेल तर हीच गोष्ट दादा स्वतः सासऱ्यांसमोर हसत सांगेल का, असे विचारून पाहावे. भाषण आधी दादाला न ओळखणाऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावे. फक्त चुलत-मावस भावंडे हसत असतील तर तो विनोद घरातच ठेवलेला बरा.

बोलताना गळा बहुतेक वेळा शेवटी दाटतो, वहिनीचे नाव घेताना. म्हणून शेवटची वाक्ये लहान ठेवावीत आणि वेगळ्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावीत. रडू आलेच तर थांबावे. ‘सॉरी’ म्हणत पुढे रेटू नये. हशा पिकला तरी तो ओसरेपर्यंत पुढचे वाक्य सुरू करू नये, नाहीतर ते कोणालाच ऐकू जात नाही.

शेवटी पाहुण्यांना पेले हाती घ्यायला सांगावे, सगळे उभे राहीपर्यंत वाट पाहावी आणि दोघांची नावे घ्यावीत. पेल्यात शँपेनच हवी असे नाही. कोकम सरबत किंवा साधे पाणीही चालते. ज्यांच्या नावाने पेला उचलला त्यांनी बसून राहावे आणि त्या वेळी स्वतः पिऊ नये, असा पाश्चात्त्य शिष्टाचार आहे. दादा-वहिनींना हे आधीच सांगून ठेवावे. टोस्ट जेवणाआधी घ्यावा, हेही कार्यक्रम चालवणाऱ्याला अगोदरच बजावावे. पंगत बसल्यावर किंवा डीजे सुरू झाल्यावर चांगले लिहिलेले भाषणही कोणी ऐकत नाही.