खुर्च्या छान, पण नंबर कधी?

दवाखान्यात एसी आहे, खुर्च्या मऊ आहेत, तरी पेशंट कुरकुरतात. का? 1988 मध्ये परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी यासाठी 'सर्व्हक्वाल' ही मोजपट्टी मांडली. तीत 22 विधाने असतात आणि प्रत्येकाला 1 ते 7 गुण द्यायचे असतात, दोनदा: चांगल्या दवाखान्याकडून अपेक्षा किती, आणि इथे अनुभव काय आला. अनुभवातून अपेक्षा वजा केली की दरी मिळते.

विधाने पाच बाजूंची असतात: डोळ्यांना दिसणाऱ्या सोयी, शब्द पाळणे, तत्परता, विश्वास वाटणे आणि आपुलकी. समजा, सोयींची अपेक्षा 5 आणि अनुभव 6, म्हणजे अधिक 1. शब्द पाळण्याची अपेक्षा 6, पण सहाची वेळ देऊन साडेसातला आत घेतले म्हणून अनुभव 3. दरी उणे 3. दोन्हींची सरसकट सरासरी काढली, तर दुखणे बरेचसे झाकले जाते. म्हणून पेशंटला 100 गुण पाच बाजूंत वाटायला लावतात. शब्द पाळण्याला 40 आणि सोयींना 10 मिळाले, तर पैसा कुठे घालायचा हे कळते. नव्या सोफ्यात नक्कीच नाही.

एक खोच आहे. बाहेर पडताना अपेक्षा विचारली, तर चिडलेला माणूस ती फुगवून सांगतो. ती नंबर लावतानाच विचारावी. आणि निदान बरोबर होते का, हे ही पट्टी सांगत नाही.