उसने शेअर विकले, तर तोटा कुठे थांबतो?

समजा, पावर हाउसच्या बाजारातील ओळखीच्या दुकानदाराकडून तुम्ही तांदळाचे एक पोते उसने घेतले आणि भाव उतरेल या भरवशावर लगेच विकून टाकले. दुकानदाराला परत द्यायचे आहे ते पोते, पैसे नव्हेत. भाव उतरला तर स्वस्तात पोते घेऊन द्याल आणि फरक तुमचा. भाव चढला तरी पोते द्यावेच लागेल. शेअर बाजारातील शॉर्ट सेलिंग म्हणजे हाच व्यवहार.

आपल्याकडे शेअर उसने घेण्याची रीतसर सोय एप्रिल 2008 पासून आहे. ज्याच्याकडे शेअर पडून आहेत तो ते ब्रोकरमार्फत ठरावीक मुदतीसाठी देतो आणि त्याबद्दल शुल्क घेतो. मधल्या काळात कंपनीने लाभांश दिला, तर तेवढी रक्कमही उसने घेणाऱ्याकडून वसूल होते.

आता हिशेब पाहू. तुम्ही 150 रुपये भावाचे 100 शेअर उसने घेऊन विकले आणि 15,000 रुपये आले. ही रक्कम तुमची नव्हे, कारण शेअर अजून देणे आहे. त्यामुळे ती तारण म्हणून अडकते आणि वर जोखमीप्रमाणे जादा मार्जिन भरावे लागते. भाव 180 झाला, की फरकाचे 3,000 रुपये लगेच भरा असा निरोप येतो. भरले नाहीत, तर ब्रोकर तुमच्या नावावर चढ्या भावाने शेअर विकत घेऊन व्यवहार संपवतो. पुढे भाव उतरला, तरी तुमचा तोटा झालेलाच असतो.

साधी खरेदी करणाऱ्याचे 15,000 बुडाले की तोटा थांबतो, कारण भाव शून्याखाली जात नाही. तुमचा नफा मात्र फार तर 15,000. उलट भाव 450 झाला तर तोटा 30,000, आणि 600 झाला तर 45,000. भाव किती चढेल याला सीमा नाही, म्हणून तोट्यालाही नाही. ‘स्टॉप लॉस’ लावला असला, तरी भाव रातोरात उडी मारून उघडला तर तो ठरवलेल्या भावाला लागत नाही.

1982 मध्ये मुंबईच्या शेअर बाजारात हेच घडले. मंदीवाल्यांनी हाती नसलेले रिलायन्सचे शेअर विकले. समोरच्या खरेदीदारांनी पैशांऐवजी प्रत्यक्ष शेअर मागितले. ते आणण्यासाठी सगळे विकणारे एकदमच खरेदीला धावले, भाव आणखी चढला आणि बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. अडकलेल्यांच्या सुटकेच्या खरेदीनेच भाव वर जातो, हीच या व्यवहारातील खरी मेख आहे.

म्हणून कोणी ‘शेअर पडणारच, विकून ठेवा’ म्हणाले, तर आधी एकच हिशेब मांडा: भाव दुप्पट झाला, तर उद्या सकाळी भरायला माझ्या खात्यात पैसे आहेत का?