दिवाळी अंकाला नकार, फेब्रुवारीचा होकार

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकांच्या वर्षाला एक ठरलेला हंगाम आला. उन्हाळ्यात संपादकांची पत्रं आणि फोन सुरू होतात. जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर हाती हवा असतो, कारण त्यानंतर अक्षरजुळणी, चित्रं, मुद्रितं आणि छपाई असं सगळं दिवाळीच्या आत उरकायचं असतं. चार-पाच अंकांची निमंत्रणं आलेल्या लेखकाला दोन-तीन ठिकाणी नाही म्हणावंच लागतं.

हा नकार बहुतेक वेळा असा येतो : 'सध्या जरा गडबडीत आहे. जमलं तर नक्की पाठवतो, नाहीतर पुढच्या वेळी बघू.' लिहिणाऱ्याला वाटतं, आपण सौम्यपणे नाही म्हटलं. संपादकाला मात्र त्यातून काहीच ठरवता येत नाही. या लेखकाची आठ पानं धरायची की सोडायची? तो जूनमध्ये एकदा, जुलैमध्ये पुन्हा फोन करतो. ऑगस्टमध्ये कथा येत नाही, तेव्हा त्या जागेसाठी दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ गेलेली असते. मे महिन्यात आलेला सरळ नकार त्याला यापेक्षा कितीतरी सोयीचा झाला असता.

समजा, एका अनुवादकाला १२ मे २०२६ रोजी पत्र आलं : दिवाळी अंकासाठी कथा हवी, मुदत ३१ जुलै. त्याच्या हातात एका कादंबरीचा अनुवाद आहे आणि तो ३१ ऑगस्टला प्रकाशकाला द्यायचा आहे. हे मासिक त्याला आवडतं, त्यात लिहायचंही आहे. मग तो पुढची तारीख कोणती देईल?

पहिल्यांदा सुचते ती १५ सप्टेंबर. अनुवाद दिला की पंधरा दिवस मोकळे, असा हिशेब. नेमकी हीच तारीख चुकते. हस्तलिखित दिल्यावर संपादकीय शंका येतात, मग मुद्रितं येतात, आणि यंदा ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. म्हणजे खरी सलग बैठक मिळणार दिवाळीनंतर. नोव्हेंबरच्या मध्यापासून पहिल्या खर्ड्याला महिना, तो बाजूला ठेवून पुन्हा वाचायला दोन-तीन आठवडे, असं मोजत गेलं की जानेवारीचा पहिला आठवडा येतो. आता दुसरी बाजू. दिवाळी अंकाचं काम चालू असताना आलेली कथा संपादकाच्याही उपयोगाची नाही, पण फेब्रुवारीच्या अंकाला जानेवारीच्या सुरुवातीला मजकूर लागतोच. दोघांची वेळ इथे जुळते. पत्र असं होतं :

'सप्रेम नमस्कार. आठवणीने निमंत्रण दिलंत, आभारी आहे. यंदाच्या दिवाळी अंकासाठी मी कथा देऊ शकणार नाही. कृपया माझी जागा धरू नये. अनुवादाचं एक काम ३१ ऑगस्टला द्यायचं आहे आणि तोवर दुसरं लेखन घेतलेलं नाही. फेब्रुवारीच्या अंकासाठी मात्र कथा देईन : सुमारे २५०० शब्द, ८ जानेवारी २०२७पर्यंत. चालणार असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत कळवावं, तोवर ते दिवस मी राखून ठेवतो.'

यात 'जागा धरू नये' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. ते वगळून थेट तारखेवर आलं, तर संपादक ते पत्र मुदतवाढीची विनंती म्हणून वाचतो आणि थोडं थांबू म्हणतो. म्हणून नकार आधी, तारीख नंतर, आणि ती कोणत्या अंकासाठी हेही लगेच. कारण एका वाक्यात संपलेलं बरं. आजारपण, पाहुणे, वीज अशी यादी वाढली की एखादं कारण दूर करून कथा मागायला वाव मिळतो. शेवटची ३० सप्टेंबर लेखकासाठी आहे : तोवर उत्तर आलं नाही तर ते दिवस मोकळे, आणि पुढे गैरसमजही नाही.

'अनुवाद संपला की महिन्याभरात' असं लिहिणं तारखेसारखं दिसतं, पण संपादकाला ते कॅलेंडरवर मांडता येत नाही. आणि ज्या अंकात मुळात लिहायचंच नाही, त्याला अशी तारीख देणं अन्यायाचं आहे. तिथे नुसता नकार आणि आभार पुरेत.

३० सप्टेंबरच्या आत संपादकाचा होकार आला, की ८ जानेवारी हे वचन झालं. त्याची आठवण ठेवण्याचं काम लेखकाचं, कारण तारीख त्याने सुचवली आहे. अनुवादाचं काम लांबलं आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत खर्डा झाला नाही, तर तेव्हाच कळवून नवी तारीख द्यावी. तीही पाळता येईना असं दिसलं, तर तिसरी न देता फेब्रुवारीची जागाही सोडून द्यावी, म्हणजे संपादकाला दुसरी कथा मागवायला निदान काही आठवडे मिळतात.