मोटर बुडाशी, सेन्सर टोकाशी

१९८४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रॉबर्ट कॅनन आणि एरिक श्मिट्झ यांनी एका लवचीक रोबो-हातावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हात म्हणजे सुमारे मीटरभर लांबीचा, आडवा फिरणारा, सहज वाकणारा दांडा. त्याच्या बुडाशी मोटर होती आणि टोक नेमकं कुठे आहे ते टिपणारा प्रकाशीय सेन्सर होता. टोक हव्या त्या जागी नेऊन थांबवायचं, एवढंच काम. पण मोटर एका टोकाला आणि सेन्सर दुसऱ्या टोकाला असला की हे साधं काम भलतंच अवघड होऊन बसतं.

कारण समजण्यासाठी असाच एक एकसारख्या जाडीचा दांडा कल्पून आकडे काढू. बूड शिकंज्यात घट्ट पकडलं, तर तो सेकंदाला एकदा डोलतो, असं धरू. आता शिकंजा काढून बुडाशी हलकी मोटर बसवली, म्हणजे बूड मोकळेपणी फिरू लागलं. अशा दांड्याची कंपनं सेकंदाला ४.४ आणि १४.२ वेळा होतात. पुढेही ही मालिका वाढतच जाते. या नैसर्गिक वारंवारितांना अभियंते ‘पोल’ म्हणतात. सेन्सर कुठेही लावा, पोल बदलत नाहीत.

बदलतात ते ‘झीरो’. मोटर जोर लावते आहे, दांडा हलतो आहे, आणि तरीही सेन्सरच्या जागी काहीच हलत नाही, अशा वारंवारितेला झीरो म्हणतात. सेन्सर मोटरपाशीच असेल, म्हणजे रचना ‘कोलोकेटेड’ असेल, तर झीरो ओळखणं सोपं आहे. बूड स्थिर आणि बाकीचा दांडा डोलतोय, म्हणजे बूड शिकंज्यात पकडल्यासारखीच स्थिती. म्हणून झीरो येतात सेकंदाला १, ६.३ आणि १७.५ वेळांवर. पोलांसोबत मांडून पाहा: १, ४.४, ६.३, १४.२, १७.५. एक झीरो, एक पोल, पुन्हा झीरो, पुन्हा पोल. ही आलटून-पालटून येणारी रांग फार मोलाची आहे. बुडाच्या गतीच्या नेमका उलट जोर मोटरने लावला, की प्रत्येक कंपनातली ऊर्जा ती काढूनच घेते. दांड्याचं वजन किंवा ताठरपणा मोजण्यात चूक झाली, तरी हे खरंच राहतं.

टोकाशी सेन्सर नेला की रांग मोडते. ४.४ वेळांच्या कंपनात बूड एका दिशेला वळतं तेव्हा टोक विरुद्ध दिशेला जातं, कारण मधे, बुडापासून साधारण ७४ टक्के अंतरावर, न हलणारा बिंदू असतो. टोकाची गती पाहून जोर लावणारी मोटर या कंपनाला आवरण्याऐवजी, झोपाळ्याला ऐन वेळी दिलेल्या धक्क्यासारखी, आणखी वाढवते. पुढच्या कंपनात मात्र चिन्ह पुन्हा सुलट होतं. म्हणून जोराची दिशा सरसकट उलटी करूनही सुटका होत नाही.

आणि झीरो? टोक स्थिर ठेवणारी वारंवारिताच आता उरत नाही. गणितात झीरो अधिक २० आणि उणे २० अशा जोड्यांनी येतात. अधिक २० चा अर्थ थरारक आहे. मोटरने दर ५० मिलिसेकंदांना आपला जोर २.७ पट करत नेला, दांडा मधे अधिकाधिक वाकत गेला, तरी टोक जागचं हलणार नाही, अशी एक हालचाल या दांड्यात दडलेली आहे. नियंत्रक फार घाई करू लागला की टोकाला सगळं ठीक दिसतं आणि आत जोर बेसुमार वाढत असतो. हे कुठल्याही चतुर गणिताने टळत नाही, कारण फीडबॅक पोल हलवू शकतो, झीरो नाही. व्यवहारातला ठोकताळा असा, की नियंत्रणाचा वेग या आकड्याच्या निम्म्याच्या आत ठेवावा. या दांड्यासाठी तो सेकंदाला जेमतेम दीड आवर्तन भरतो.

बुडाशी सेन्सर ठेवूनही सगळी हमी मिळत नाही. मोटर आणि संगणक मिळून १८ मिलिसेकंदांचा उशीर करत असतील, तर १४.२ वेळांच्या कंपनाचा पाव फेरा तेवढ्यात होऊन जातो. उशीर त्याहून वाढला की आवरणारा जोर चेतवणारा बनतो. शिवाय बूड स्थिरावलं म्हणून टोक स्थिरावलं, असं होत नाही. ज्याला टोकाशी काम आहे त्याला टोकाकडे पाहावंच लागतं.

आपली रचना कोणत्या जातीची आहे, हे मोटरला वाढत्या वारंवारितेने हलवून आलेख काढला की कळतं. दोन शिखरांच्या मधे प्रत्येक वेळी खोल दरी दिसली आणि दरीपाशी फेज पुन्हा वर चढली, तर रचना कोलोकेटेड आहे. दरी गायब असेल आणि फेज शिखरागणिक खालीच घसरत असेल, तर सावध व्हावं. अशा वेळी दोन्हीकडे सेन्सर लावणं हा चांगला मार्ग आहे: बुडाचा सेन्सर कंपनं शमवण्यासाठी, आणि टोकाचा सेन्सर त्यावर हळू चालणाऱ्या दुसऱ्या फेऱ्यात, जागा अचूक गाठण्यासाठी.