पेन-ड्राइव्हची हजेरी

कारखान्याच्या मस्टरवर दोनशे नावे असावीत आणि खात्यात प्रत्यक्ष तीसच माणसे राबत असावीत, हा प्रकार कामगारांना नवा नाही. असल्या बनावट मस्टरचा धाकटा भाऊ आज बाजारात पेन-ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड या रूपाने फिरतो आहे. वर ‘२ टीबी’ असे ठसठशीत छापलेले असते, आणि आतल्या चिपमध्ये त्याच्या साठाव्या हिश्शाइतकीच जागा असते.

ही फसवणूक चालते कशी? पेन-ड्राइव्हमध्ये दोन भाग असतात. एक मजकूर साठवणारी चिप आणि दुसरा तिचा कारभार पाहणारा नियंत्रक. किती जागा आहे, असे संगणक विचारतो तेव्हा उत्तर नियंत्रक देतो. बनावट करणारा या नियंत्रकालाच खोटे उत्तर पढवून ठेवतो. संगणक त्यावर विश्वास ठेवतो आणि पडद्यावर १.८१ टीबी दाखवतो. (२ टीबीचे १.८१ दिसणे ही मात्र लबाडी नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक.)

खरी जागा भरली, की पुढचा मजकूर एक तर हवेत विरतो, नाही तर आधीच्या मजकुरावर जाऊन बसतो. ‘जागा नाही’ अशी तक्रार नियंत्रक करीत नाही. फायलींच्या नावांची यादी चिपच्या आरंभीच्या भागात लिहिलेली असते, म्हणून नावे बहुधा शाबूत दिसतात. फाइल उघडायला जावे तेव्हा आत काही नसते. दोन-चार फोटो घालून, ते उघडून पाहून समाधान मानणे व्यर्थ आहे, ते याचमुळे. ते फोटो खऱ्या जागेतच मावलेले असतात.

आमच्या संघटनेच्या कचेरीत असा एक पेन-ड्राइव्ह आला. सभासदांच्या पगारपावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद त्यात ठेवायचे होते. ग्रॅच्युइटीच्या दाव्यात असली एखादी जुनी पावतीच नोकरीची वर्षे सिद्ध करते. म्हणून एकही कागद घालण्यापूर्वी आम्ही त्याची हजेरी घेण्याचे ठरवले.

विंडोजवर याकरिता h2testw नावाचा छोटा, फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो ड्राइव्ह ठरावीक मजकुराने भरतो, मग तोच मजकूर वाचून ताडून पाहतो. ड्राइव्ह आधी रिकामा असावा. भाषा इंग्रजी निवडावी, `Select target` दाबून ड्राइव्ह नेमका दाखवावा आणि `Write + Verify` दाबावे. सगळी जागा तपासायची असेल तर `all available space` ही खूण ठेवावी.

येथे एक अडचण आली. आमचा ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ८ एमबी लिहीत होता. त्या गतीने दोन टीबी नुसते भरायलाच पावणेतीन दिवस लागले असते. तेव्हा आम्ही `only` या चौकटीत 65536 एमबी, म्हणजे ६४ जीबी, एवढाच आकडा घातला. लिहिण्यास सव्वादोन तास लागले. मग ड्राइव्ह काढून पुन्हा लावला आणि `Verify` केले, म्हणजे संगणकाने आपल्याच स्मरणातून उत्तर देऊ नये. निकाल आला तो असा: सुमारे २९ जीबी `OK` आणि ३५ जीबी `DATA LOST`. म्हणजे दोन टीबीच्या वेष्टनात ३२ जीबीची चिप होती.

लिनक्सवर हेच काम एफ-थ्री करतो. ड्राइव्ह जोडलेल्या जागेचे नाव द्यावे:

```
f3write /media/pendrive
f3read /media/pendrive
```

अपुऱ्या तपासाची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. पहिले ६४ जीबी नापास झाले तर लबाडी सिद्ध होते. पास झाले तर तेवढेच ६४ जीबी खरे, पुढच्याविषयी काहीच कळत नाही. म्हणून जेवढी जागा वापरायची, निदान तेवढी तरी पुरती तपासावी. मोबाइलचे कार्ड असल्यास रीडरमध्ये घालून संगणकावरच तपासावे. `Test finished without errors` असे उमटले, की चाचणीच्या `.h2w` फायली पुसून टाकाव्यात. ही हजेरी आजची जागा सांगते, चिप किती वर्षे टिकेल हे सांगत नाही. तेव्हा महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र हवीच.

नापास ड्राइव्ह नव्याने फॉर्मॅट करून काही साधत नाही. नियंत्रकाचे खोटे तसेच राहते. निकालाच्या पडद्याचे चित्र आणि पावती जपून विक्रेत्याकडे पैसे परत मागावेत. तो दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आमचा ड्राइव्ह त्या पुराव्यासह विक्रेत्याकडे परत गेला. पगारपावत्या तोवर लोखंडी कपाटातच होत्या. दुसऱ्या, पुरत्या तपासलेल्या ड्राइव्हवर त्या मागाहून चढल्या.