सत्राच्या मधोमध अठ्ठावीस दिवस

मे महिन्यात कायद्याच्या विद्यार्थ्यांना सुट्टी असते आणि कोर्टालाही. दिवाळीतही तीच गत. त्यामुळे साक्षी-पुरावे, उलटतपासणी, युक्तिवाद डोळ्यांनी पाहायचे असतील, तर विद्यार्थ्याला कॉलेज चालू असतानाच जावं लागतं. मी कायदा शिकवतो. दर सत्रात असे दोन-चार अर्ज माझ्या टेबलावर येतात : ‘इंटर्नशिपसाठी एक महिना सुट्टी मिळावी, असाइनमेंट आधीच देईन.’ मागणी रास्त असते. पण एवढ्यावर प्राचार्य सही कशाच्या आधारावर करणार?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. मात्र एका वर्षात ती सलग चार आठवड्यांच्या वर नेता येत नाही. म्हणून अर्जात ‘एक महिना’ असं मोघम न लिहिता २८ दिवसांच्या आतल्या नेमक्या तारखा द्याव्यात. याच नियमांत दर विषयाला ७० टक्के हजेरीची अट आहे, आणि अर्ज अडतात ते इथेच. असाइनमेंट आधी दिल्याने गुण वाचतात, हजेरी वाचत नाही. मुलं ही गल्लत हमखास करतात.

गेल्या वर्षी आमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातली एक विद्यार्थिनी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवणाऱ्या वकिलांकडे जायचं म्हणत होती. अर्ज लिहिण्याआधी मी तिला कागद-पेन घेऊन हिशेबाला बसवलं. सत्र १५ आठवड्यांचं. प्रत्येक विषयाचा रोज एक, म्हणजे आठवड्याला पाच तास, एकूण ७५. त्याचे सत्तर टक्के म्हणजे ५३ तास भरलेच पाहिजेत. चार आठवड्यांत २० बुडणार. मग बाकीच्या सबंध सत्रात दोनच तास चुकवता येतात. पुराव्याच्या कायद्याचे तीन तास तिने आधीच चुकवले होते. “सर, एका तासाने गेलं!” ती म्हणाली.

हजेरी किमान ६५ टक्के असेल आणि सगळ्या विषयांची मिळून ७० भरत असेल, तर अपवादात्मक कारणासाठी प्राचार्य परीक्षेला बसू देऊ शकतात. पण ती सवलत आजारपणासारख्या अचानक आलेल्या अडचणीसाठी राखून ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वकिलांशी बोलून तिने मुक्काम कामाच्या दोन दिवसांनी कमी केला. बुडणारे तास १८ वर आले.

मग असाइनमेंट. चार विषयांच्या शिक्षकांना ती अर्जाआधी भेटली. दोघांनी लगेच विषय दिले. तिसऱ्यांचा विषय वर्गात शिकवूनच झाला नव्हता, तेव्हा त्यांनी शिकवलेल्या भागावरचा दुसरा दिला. चौथ्या विषयाची अंतर्गत चाचणी नेमकी तिच्या गैरहजेरीत येत होती. चाचणी, तोंडी परीक्षा, मूट कोर्ट या गोष्टी आधी ‘जमा’ करता येत नाहीत; त्यांच्यासाठी वेगळी तारीखच मागावी लागते. ती तिने मागितली आणि शिक्षकांची सही घेतली. प्रत्येक असाइनमेंटच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून तिच्यावर तारखेसह पोचही घेतली. दोन महिन्यांनी गुण भरताना कपाटातला गठ्ठा सापडत नाही, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

अखेर अर्ज तयार झाला. प्राचार्यांच्या नावे, वर्गशिक्षकांमार्फत. त्यात तारखा होत्या, विषयवार आजवरची हजेरी होती, परतल्यानंतर ती किती होईल याचा तक्ता होता, दिलेल्या असाइनमेंटची यादी होती. सोबत वकिलांचं लेटरहेडवरचं संमतिपत्र. अर्ज कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, आणि लेखी परवानगी हातात आल्यावरच ती साताऱ्याला गेली. व्हरांड्यात कुणी ‘जा, हरकत नाही’ म्हटलं म्हणून निघालेली मुलं सत्राअखेर अडकलेली मी पाहिली आहेत.

परतताना तिने प्रमाणपत्र आणि रोजची डायरी आणली. डायरीचं मूल्यमापन वकील आणि कॉलेजचे शिक्षक दोघंही करतात. एका पानावर पंच साक्षीदार फितूर झाल्याची नोंद होती. सरकारी वकिलांनी त्याला उलट प्रश्न विचारायची परवानगी कोणत्या शब्दांत मागितली, हे तिने जसंच्या तसं उतरवलं होतं. वर्गात मी हा भाग दोन तास शिकवतो. तिने तो दहा मिनिटांत पाहिला होता.

एक गोष्ट मात्र हिशेबात धरली नव्हती. ती परतल्यावर पुराव्याच्या कायद्याचे पाच तास झालेच नाहीत. ७५ चे ७० राहिले आणि तिचे बुडालेले मात्र २१ च. हजेरी ७० पैकी ४९, बरोबर ७० टक्के. ते दोन दिवस कमी केले नसते, तर ती परीक्षेला अडकली असती.