रेटिनॉलच्या रात्री ॲसिड नको

मुरमांसाठी डॉक्टरांनी ॲडापलीन जेल लिहून दिलं. घरात सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश आधीपासून होता, मैत्रिणीने सुचवलेलं ग्लायकोलिक ॲसिडचं सीरमही होतं. तिन्ही वस्तू मुरमांवरच्याच, म्हणून तिन्ही रोज रात्री लागू लागल्या. थोड्याच दिवसांत गाल लाल झाले, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले आणि साधं मॉइश्चरायझरही चुरचुरू लागलं. पुष्कळ मुलींना वाटतं, औषध लागू पडतंय. तसं नसतं. मॉइश्चरायझर झोंबायला लागलं, की त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावला आहे असं समजावं.

ॲसिड वरच्या मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं. रेटिनॉल, ॲडापलीन, ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड गटातले घटक आतून नव्या पेशी लवकर वर आणतात. दोन्ही एकाच रात्री लावल्याने विषारी असं काही तयार होत नाही, पण थर झिजतो त्या वेगाने भरून येत नाही. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर या जळजळीचे काळपट डाग उरतात आणि ते कित्येक महिने हटत नाहीत. लिंबू चोळणंही यातच आलं, तेही ॲसिडच.

अशा चेहऱ्याला आधी विश्रांती द्यावी. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच. चुरचुर पूर्ण थांबली की सोमवारी आणि गुरुवारी रात्री, चेहरा नीट कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढं ॲडापलीन सगळ्या चेहऱ्याला पुरवावं. ॲसिड हवंच असेल तर काही आठवड्यांनी, फक्त शनिवारी. बाकीच्या रात्री मॉइश्चरायझर. नियासिनामाइड मात्र रेटिनॉइडसोबत खुशाल चालतं, बहुतेकांना त्याने कोरडेपणा कमीच जाणवतो. व्हिटॅमिन सी सकाळी लावलं की प्रश्नच उरत नाही.

बेंझॉइल पेरॉक्साइडची गोष्ट वेगळी. ते ट्रेटिनॉइनचं रासायनिक विघटन करतं, उजेडात तर फारच लवकर. म्हणून एक सकाळी, दुसरं रात्री. ॲडापलीन त्याच्यापुढे टिकून राहतं, त्यामुळे 0.1 टक्का ॲडापलीन आणि 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्ये मिळतात. म्हणजे ‘हे दोन कधीच एकत्र नकोत’ हा सरसकट नियम चुकीचा आहे. कोणतं रेटिनॉइड, ते पाहावं लागतं.

गरोदरपणात किंवा मूल हवं असताना रेटिनॉइड लावूच नये. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातला फेसवॉश, सीरम, सगळं पिशवीत घालून न्या. चिठ्ठीवर एकच जेल लिहिताना तुम्ही आणखी काय लावता, हे त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.